गृहकर्जाचा अर्ज : सहकर्जदार, मालमत्ता आणि चालू देणी हे रकाने कसे भरावेत

गृहकर्जाच्या अर्जातील नाव, पत्ता, नोकरी, शिक्षण हा भाग बहुतेक जण बिनचूक भरतात. अर्ज अडतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणी : सहकर्जदार कोण, मालमत्ता नेमकी कोणती आणि आधीची देणी किती. छापील अर्जात हे तीन भाग वेगवेगळ्या पानांवर असले तरी बँकेत ते एकत्रच वाचले जातात. सहकर्जदाराचे उत्पन्न पात्रता वाढवते, पण त्याची देणी तीच पात्रता कमी करतात. मालमत्तेची किंमत कर्जाची कमाल मर्यादा ठरवते. आणि या दोन आकड्यांपैकी जो लहान असेल तेवढेच कर्ज मंजूर होते. शिवाय इथे लिहिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बँक दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरून पडताळून पाहते. म्हणून हे रकाने आठवणीवर विसंबून भरू नयेत; कागद समोर ठेवून त्यावरून उतरवून घ्यावेत.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत एक जोडपे आपली पहिली सदनिका घेत आहे. करारातील किंमत 58 लाख रुपये आहे. दोघेही पगारदार आहेत आणि सदनिका दोघांच्या नावे घ्यायची आहे. पतीच्या नावे मोटारीचे कर्ज, कार्यालयातील सेवक पतसंस्थेचे कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे, तर पत्नीचे शैक्षणिक कर्ज अजून फिटायचे आहे. अशा घरांत असे चित्र अगदी सर्वसाधारण असते.

पहिली पायरी : सहकर्जदार आणि सहमालक यांत गल्लत नको

अर्जात सहकर्जदाराच्या नावाजवळच एक छोटा प्रश्न असतो : सहकर्जदार हा मालमत्तेचा सहमालकही आहे का? बरेच जण इथे विचार न करता खूण करतात. प्रत्यक्षात या दोन भूमिका वेगळ्या आहेत. बँकांचा सर्वसाधारण नियम असा की, मालमत्तेचे जेवढे सहमालक आहेत त्या सर्वांनी कर्जात सहकर्जदार म्हणून सामील व्हावे, कारण सर्व मालकांच्या सहीशिवाय मालमत्ता तारण घेता येत नाही. याच्या उलट सक्ती मात्र नाही. केवळ उत्पन्न जोडण्यासाठी आलेली व्यक्ती मालक नसतानाही सहकर्जदार होऊ शकते.

या फरकाचे परिणाम दूरवर जातात. सहकर्जदाराची जबाबदारी अर्ध्या हप्त्यापुरती नसते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 43 नुसार संयुक्त वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण वचनपूर्ती मागता येते. म्हणजे पतीने हप्ता थकवला तर बँक पूर्ण रक्कम पत्नीकडे मागू शकते, मग करारनाम्यात तिचे नाव असो वा नसो. हे कर्ज दोघांच्याही पतअहवालात, म्हणजे सिबिलसारख्या संस्थेकडील कर्जांच्या नोंदीत, संपूर्ण रकमेसह दिसते, अर्धे अर्धे नाही. उद्या मोठ्या मुलाच्या नावावर घर घेताना धाकट्या मुलाचे उत्पन्न जोडले, तर त्या धाकट्याने पुढे स्वतःसाठी कर्ज मागितले की हा संपूर्ण हप्ता त्याच्याही खात्यावर मोजला जाण्याची शक्यता मोठी. घरातल्या माणसाला ‘फक्त सही कर’ असे म्हणण्यापूर्वी एवढे तरी त्याला समजावून सांगावे.

प्राप्तिकराच्या बाजूनेही हा रकाना महत्त्वाचा आहे. व्याजाची आणि मुद्दलाची वजावट मिळण्यासाठी व्यक्ती मालक आणि कर्जदार अशी दोन्ही असावी लागते. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर प्रत्येक सहमालकाला वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. आपल्या उदाहरणात सुमारे 46 लाखांच्या कर्जावर 8.5 टक्के दराने पहिल्या पूर्ण वर्षाचे व्याज 4 लाखांच्या जवळ जाते, त्यामुळे दोघेही मालक आणि दोघेही कर्जदार असतील तरच ते बहुतांश वजावटीत बसते. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी ही व्याजाची वजावट नाही, हे लक्षात घेऊनच हिशेब मांडावा. आणि बांधकाम सुरू असताना ही वजावट मिळत नाही, घर तयार झाल्यावरच तिचा दावा सुरू होतो.

महाराष्ट्रात याला आणखी एक फाटा आहे. निवासी सदनिका केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावे घेतल्यास ती मिळत नाही. 58 लाखांवर ही सवलत 58,000 रुपये होते. काही जोडपी त्यासाठी पत्नीला एकटी मालक करतात आणि पतीला फक्त सहकर्जदार ठेवतात. तसे करण्यात गैर काही नाही, परंतु त्या वेळी पती व्याजाची वजावट आणि मालकी या दोन्ही गोष्टी सोडतो, आणि पूर्ण कर्जाची जबाबदारी मात्र त्याच्यावर राहते. माझ्या मते हा निर्णय केवळ 58,000 रुपयांकडे पाहून घेऊ नये.

मालकी हिश्शाचा रकाना असेल तर तो रिकामा ठेवू नये आणि करारनाम्याशी विसंगतही भरू नये. करारनाम्यात हिस्सा लिहिलेला नसेल, तर संपत्ती हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 45 नुसार ज्याने जेवढा पैसा घातला तेवढा त्याचा हिस्सा धरला जातो, आणि कोणी किती घातला याचा पुरावाच नसेल तर सर्वांचा हिस्सा समान मानला जातो. एकाने 80 टक्के भार उचलायचा असेल, तर हिस्सा करारनाम्यातच लिहून घ्यावा.

आता नावाविषयी. सहकर्जदाराचे नाव पॅनवर, आधारवर, पगारपत्रकावर आणि करारनाम्यावर एकसारखे हवे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले आणि पॅनवर माहेरचे राहिले, हा प्रकार इतका सरसकट आढळतो की अर्ज भरण्यापूर्वीच तो तपासावा. पॅनमध्ये दुरुस्ती करून घेणे उत्तम. तेवढा वेळ नसेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडावे. नावाचा हाच घोळ पुढे पतअहवालात दोन वेगळ्या नोंदी तयार करतो आणि जुनी कर्जे एका नोंदीत, नवी दुसऱ्या नोंदीत दिसतात.

सहकर्जदार म्हणून वडिलांना घ्यायचे असेल तर वयाचा रकाना निर्णायक ठरतो. वडील 57 वर्षांचे असून 60 व्या वर्षी निवृत्त होणार असतील, तर त्यांचा पगार 20 वर्षांच्या कर्जासाठी पूर्ण धरला जात नाही. बँक मुदत कमी करते किंवा निवृत्तीनंतर केवळ निवृत्तिवेतन धरते. वडील शेतकरी असतील तर त्यांच्या नावावरील पीककर्जही देण्यांच्या रकान्यात येते, आणि त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदलेला असल्याने ते लपतही नाही. मित्र किंवा दूरचे नातेवाईक यांना सहकर्जदार म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. पती-पत्नी आणि आई-वडील व मुले या जोड्या सहज स्वीकारल्या जातात.

दुसरी पायरी : मालमत्तेचा तपशील करारनाम्यावरून

घर अजून ठरले नसेल तर हा भाग तसाच सोडून ‘मालमत्ता निश्चित नाही’ असे नमूद करून उत्पन्नावर आधारित तत्त्वतः मंजुरी घेता येते. ती काही महिनेच टिकते आणि मालमत्तेची कायदेशीर व तांत्रिक तपासणी त्यानंतरच होते. घर ठरले असेल तर मात्र माहितीपत्रक बाजूला ठेवून करारनाम्याचा मसुदा आणि महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाचे पान ही दोनच साधने समोर घ्यावीत. ते पान `maharera.maharashtra.gov.in` येथे पाहता येते.

पत्त्याच्या रकान्यात टपालाचा पत्ता पुरेसा नाही. मौजे, तालुका, जिल्हा, गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक, शहरी भागात सिटी सर्व्हे क्रमांक, इमारत, विंग, मजला आणि सदनिका क्रमांक हे सर्व करारनाम्याच्या परिशिष्टात असते, तेथूनच ते उतरवावे. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली विंगच्या नावाची : विक्री कार्यालय जिला एखादे आकर्षक नाव देते, ती मंजूर नकाशात केवळ ‘इमारत क्र. 2’ असते. दुसरी मजल्याची : वाहनतळाचे मजले मोजले की नाही यावरून विक्री कार्यालयातला सातवा मजला नकाशात पाचवा असू शकतो. बँकेचा मूल्यांकनकार जागेवर जातो तेव्हा त्याच्या हातात नकाशा असतो, आणि अर्जातील सदनिका त्याला नकाशात सापडली नाही तर अहवाल अडतो.

महारेरा क्रमांक P या अक्षराने सुरू होतो. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र नोंदणी असू शकते, म्हणून तो क्रमांक आपल्याच विंगचा आहे ना, हे पानावरील इमारतींची यादी पाहून ठरवावे. त्याच पानावर प्रवर्तकाचे नोंदलेले नाव असते. विकासकाचे बाजारातले नाव आणि करार करणारी भागीदारी संस्था किंवा कंपनी यांत फरक असतो. ‘विक्रेता’ या रकान्यात करार करणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव लिहावे, कारण कर्जाचा धनादेश त्याच नावाने निघतो. प्रकल्पाच्या जमिनीवर दुसऱ्या वित्तसंस्थेचा बोजा असल्याची नोंदही तिथे पाहता येते. असा बोजा असणे बांधकाम व्यवसायात नेहमीचे आहे, परंतु त्या संस्थेचे आपल्या सदनिकेपुरते ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय आपली बँक पैसे सोडत नाही. म्हणून ‘मालमत्ता तारण आहे का’ या प्रश्नाला अंदाजाने ‘नाही’ लिहू नये.

क्षेत्रफळाचा रकाना चटई क्षेत्राचा असतो, म्हणजे कार्पेटचा. रेरा कायद्यातील व्याख्येनुसार त्यात बाह्य भिंतींखालील जागा, डक्ट, आणि केवळ त्या सदनिकेसाठी असलेली बाल्कनी व गच्ची धरत नाहीत. सदनिकेच्या आतल्या विभाजक भिंती मात्र धरतात. आपल्या उदाहरणात करारनाम्यात 61.30 चौरस मीटर लिहिले आहे. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, म्हणून हे क्षेत्र साधारण 660 चौरस फूट होते. विक्री कार्यालयाने याच सदनिकेला ‘925 चौरस फूट’ म्हटलेले असू शकते, कारण त्या आकड्यात जिना, लिफ्ट, मार्गिका यांचा वाटा मिसळलेला असतो. अर्जात 925 लिहिले तर मूल्यांकनकाराचा आकडा आणि अर्ज यांत मोठी तफावत दिसते. बाल्कनीसाठी वेगळा रकाना असेल तर तिचे क्षेत्र तिथे लिहावे, कार्पेटमध्ये मिसळू नये.

किमतीच्या रकान्यात करारनाम्यातील किंमत लिहायची असते, एकूण खर्च नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 लाखांहून अधिक व 75 लाखांपर्यंतच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात 75 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. आणि घराची किंमत 10 लाखांहून अधिक असेल तर या हिशेबात मुद्रांक शुल्क, नोंदणी व दस्तऐवजाचा खर्च धरता येत नाही. मूल्यांकन करारातील किमतीपेक्षा कमी आले तर बँका कमी असलेला आकडा धरतात. पुनर्विक्रीच्या सदनिकेत फर्निचरचा वेगळा करार करून किंमत विभागली जाते. त्या दुसऱ्या करारावर गृहकर्ज मिळेल असे गृहीत धरू नये.

आपल्या जोडप्याचा हिशेब असा होतो. 58 लाखांच्या 80 टक्के म्हणजे कर्ज जास्तीत जास्त 46 लाख 40 हजार. बांधकाम चालू असल्याने 5 टक्के जीएसटी 2 लाख 90 हजार, 7 टक्के मुद्रांक शुल्क 4 लाख 6 हजार आणि नोंदणी फी 30 हजार. एकूण खर्च 65 लाख 26 हजार, म्हणजे स्वतःच्या खिशातून 18 लाख 86 हजार उभे करावे लागतील. ‘20 टक्के म्हणजे 11 लाख 60 हजार जमवले की झाले’ असे समजून सदनिका आरक्षित करणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. जीएसटीचा काही भाग किमतीत धरायचा की नाही हे बँकेगणिक बदलते. ते आधी विचारून घ्यावे, पण नियोजन तो स्वतः भरायचा आहे असे धरूनच करावे.

‘आजवर विक्रेत्यास दिलेली रक्कम’ हा रकाना पावत्यांवरून भरावा आणि प्रत्येक पावतीसमोर बँक खात्यातील नोंद दाखवता यावी. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे रेरा कायद्याचे कलम 13 सांगते. करार नोंदवण्यापूर्वीच या रकान्यात 9 लाख लिहावे लागत असतील, तर प्रश्न अर्जाचा नसून व्यवहाराचा आहे.

तिसरी पायरी : चालू देणी, आणि तीही दोघांची

हा रकाना भरण्यापूर्वी दोघांचेही पतअहवाल काढावेत. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. एकाच महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकल्याने मात्र पाच चौकशा नोंदल्या जातात आणि त्या पुढच्या बँकेला दिसतात.

अहवालात फिटलेले कर्ज अजून ‘चालू’ दिसत असेल तर त्या कर्जसंस्थेचे ‘देणे नाही’ प्रमाणपत्र जोडून तक्रार करावी. दुरुस्ती 30 दिवसांत होणे अपेक्षित आहे. त्यापुढील विलंबासाठी दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हा महिना जाणार हे धरून अहवाल सदनिका शोधतानाच काढावेत, अर्ज भरतानाच्या आठवड्यात नव्हे.

पतअहवाल म्हणजे देण्यांची पूर्ण यादी नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. सेवक पतसंस्थेचे कर्ज त्यात नसू शकते, पण त्याची कपात पगारपत्रकावर छापलेली असते. भविष्य निर्वाह निधीतून किंवा मालकाकडून घेतलेल्या उचलीचेही तसेच. मोबाईल किंवा फ्रिजचा हप्ता खात्यातून थेट वळता होतो आणि बँक सहा महिन्यांचा खातेउतारा पाहते, म्हणून तोही दिसतो. न लिहिलेले 1,800 रुपयांचे देणे बँकेला स्वतः सापडले, तर त्या 1,800 रुपयांपेक्षा ते लपवल्याची शंका अर्जाला अधिक महागात पडते.

प्रत्येक देण्यासमोर कर्जसंस्था, कर्जाचा प्रकार, मूळ रक्कम, आजची शिल्लक, मासिक हप्ता आणि उरलेले महिने लिहावे लागतात. क्रेडिट कार्डाला ठरावीक हप्ता नसतो, म्हणून बँका सहसा थकबाकीच्या 5 टक्के रक्कम मासिक देणे मानतात. दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याच्या अहवालातही बिलाच्या दिवसाची शिल्लक थकबाकीसारखी दिसते. अशा वेळी मागील तीन महिन्यांची बिले आणि भरणा दाखवावा. कोणाला जामीन राहिला असाल तर ‘जामीनदार’ म्हणून त्याची वेगळी नोंद करावी आणि मूळ कर्जदाराचा हप्ता नियमित जात असल्याचा खातेउतारा जोडावा. तो थकला असेल तर त्याचा डाग तुमच्या अहवालावरही पडलेला असतो.

आता सर्वांत चकवणारा भाग. पतीचा एकूण पगार 88,000 रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि प्राप्तिकर मिळून 12,000 कापले जातात, आणि पतसंस्थेचे 4,000 कापून हातात 72,000 येतात. त्याने उत्पन्नात 72,000 लिहिले आणि देण्यांत पुन्हा पतसंस्थेचे 4,000 लिहिले, तर तीच रक्कम दोनदा वजा होते. बरोबर पद्धत अशी की उत्पन्नात केवळ वैधानिक कपातीनंतरचे 76,000 लिहावेत आणि पतसंस्थेचा हप्ता देण्यांत दाखवावा. बँकेच्या अर्जात ‘हाती येणारा पगार’ असाच रकाना असेल तर 72,000 लिहून पतसंस्थेच्या नोंदीसमोर ‘पगारातून कपात झालेली’ असे स्पष्ट नमूद करावे. पगारपत्रक पाहणारा अधिकारी बहुधा हे स्वतः ओळखतो, पण ऑनलाइन अर्जातील पहिली पात्रता यंत्रणा काढते, आणि तिला पगारपत्रक वाचता येत नाही.

पत्नीचे वैधानिक कपातीनंतरचे उत्पन्न 38,000 आहे, म्हणजे दोघांचे मिळून 1,14,000. सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात, याचे प्रमाण बँक आणि उत्पन्नानुसार बदलते; आपण 50 टक्के धरू. म्हणजे जुने आणि नवे सर्व हप्ते मिळून 57,000 च्या आत हवेत. चालू देणी अशी : मोटार 9,400, पतसंस्था 4,000, कार्डाच्या 60,000 थकबाकीचे 5 टक्के म्हणजे 3,000 आणि पत्नीचे शैक्षणिक कर्ज 5,600. एकूण 22,000. नव्या हप्त्यासाठी 35,000 उरतात.

8.5 टक्के दराने 20 वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता सुमारे 868 रुपये येतो. 35,000 ला 868 ने भागले की सुमारे 40 लाख 30 हजार. म्हणजे मालमत्तेच्या बाजूने 46 लाख 40 हजार मिळू शकतात, पण उत्पन्नाच्या बाजूने सहा लाख कमी पडतात. मुदत 25 वर्षे केली तर एक लाखाचा हप्ता सुमारे 805 होतो आणि पात्रता 43 लाख 50 हजारांच्या आसपास जाते. तरीही पुरत नाही, शिवाय पाच वर्षांचे व्याज वाढते.

इथे कोणते देणे आधी फेडायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर व्याजदरात नसून शिल्लक आणि हप्ता यांच्या प्रमाणात आहे. मोटारीच्या कर्जाची शिल्लक 3 लाख 10 हजार आहे. ती फेडली तर महिन्याला 9,400 सुटतात. पतसंस्थेची शिल्लक 52,000 आहे आणि कार्डाची 60,000. दोन्ही मिळून 1 लाख 12 हजार फेडले तर 7,000 सुटतात. म्हणजे पतसंस्था आणि कार्ड यांवर खर्चलेला प्रत्येक रुपया मोटारीच्या तुलनेत सरासरी दुपटीहून अधिक पात्रता वाढवतो. 7,000 सुटल्यावर नव्या हप्त्यासाठी 42,000 उरतात आणि 20 वर्षांसाठी पात्रता 48 लाखांच्या पुढे जाते. आता मर्यादा पुन्हा मालमत्तेची, म्हणजे 46 लाख 40 हजार, आणि त्याचा हप्ता सुमारे 40,275 रुपये. बदल्यात स्वतःच्या खिशातून लागणारी रक्कम 18 लाख 86 हजारांवरून जवळपास 20 लाखांवर जाते. तेवढी शिल्लक नसेल, तर वैयक्तिक कर्ज काढून ती भरण्याचा मोह टाळावा. तो नवा हप्ता याच रकान्यात येऊन बसतो.

काही बँका मोजके हप्ते उरलेले कर्ज देण्यांत धरत नाहीत. उदाहरणातील पतसंस्थेचे जेमतेम तेरा-चौदा हप्ते उरले असल्याने ते फेडण्यापूर्वी आपल्या बँकेची ही मर्यादा विचारून घेण्यात फायदा आहे.

देणे फेडले की अर्जातून ते नुसते वगळू नये. कर्जसंस्था ठरावीक दिवसांनी सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना माहिती पाठवतात, पण अहवालात बदल दिसेपर्यंत बँकेला जुनीच शिल्लक दिसते. म्हणून देण्यांच्या तक्त्यात नोंद ठेवून समोर ‘फेडले’ असे तारखेसह लिहावे आणि प्रमाणपत्र जोडावे.

चौथी पायरी : सही करण्यापूर्वी आणि मंजुरीनंतर

अर्ज भरून झाला की दोघांनी मिळून तो एकदा आडवा वाचावा : पॅनवरील नाव, करारनाम्यातील नाव आणि अर्जातील नाव एका ओळीत, महारेरा पानावरील क्षेत्र, करारनाम्यातील क्षेत्र आणि अर्जातील क्षेत्र दुसऱ्या ओळीत, पतअहवाल, पगारपत्रक, खातेउतारा आणि देण्यांचा तक्ता तिसऱ्या ओळीत. अर्ज दलालाने किंवा बँकेच्या प्रतिनिधीने भरला असला तरी खालची घोषणा अर्जदाराच्या सहीची असते, त्यामुळे कोऱ्या रकान्यांवर सही करू नये आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवावी.

शक्य असेल तर हे वाचन करारनाम्याच्या नोंदणीपूर्वी करावे. मसुद्यात नाव किंवा सदनिका क्रमांक बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे. नोंदणीनंतर त्यासाठी चूक दुरुस्तीचा स्वतंत्र दस्त करावा लागतो आणि त्यासाठी विकासकालाही पुन्हा दुय्यम निबंधक कार्यालयात यावे लागते. तोपर्यंत बँकेचे पैसे थांबतात, आणि विकासकाच्या करारात उशिरा भरणा झाल्यास व्याज लावण्याची तरतूद बहुधा असते.

मंजुरीपत्र आल्यावर त्यातील सर्व कर्जदारांची नावे, मालमत्तेचे वर्णन, मंजूर रक्कम आणि ‘अमुक कर्ज बंद केल्याचा पुरावा द्यावा’ यासारख्या अटी अर्जाच्या प्रतीशी ताडून पाहाव्यात. त्या दिवसापासून पहिली रक्कम विकासकाकडे जाईपर्यंत दोघांपैकी कोणीही नवे कर्ज, नवे कार्ड किंवा हप्त्यावरची खरेदी करू नये, कारण पैसे सोडण्यापूर्वी बँक पतअहवाल पुन्हा काढू शकते आणि त्यात नवा हप्ता दिसला तर मंजूर रक्कम कमी होऊ शकते. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत रक्कम टप्प्याटप्प्याने सुटत असल्याने हे पथ्य शेवटचा टप्पा सुटेपर्यंत पाळणे अधिक सुरक्षित आहे.